फेटाळलेला जामीन आणि नवा अर्ज: ‘बदललेली परिस्थिती’ हा निकष कुठून आला, आणि त्यात नेमकं काय बसतं?

जामीन फेटाळल्यावर पुन्हा अर्ज करता येतो का, याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधायला गेलं तर सापडत नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४९८ ने उच्च न्यायालयाला आणि सत्र न्यायालयाला जामिनाचे व्यापक अधिकार दिले. १९७३ च्या संहितेत तेच अधिकार कलम ४३९ मध्ये आले आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ मध्ये आहेत. तिन्ही ठिकाणी दुसऱ्या, तिसऱ्या अर्जाबद्दल एक शब्द नाही. असा अर्ज करता येतो असं कुठे लिहिलेलं नाही आणि करता येत नाही असंही नाही. आज प्रत्येक कोर्टात ऐकू येणारा ‘परिस्थितीत बदल काय?’ हा प्रश्न गेल्या साधारण पंचेचाळीस वर्षांत न्यायालयांनीच घडवला आहे. तो कसा घडला हे माहीत असेल तर आपल्या अर्जात काय लिहायचं आणि काय वगळायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी कित्येक आरोपींचे महिने फुकट जातात. सत्र न्यायालयाने जामीन नाकारला आणि तुम्ही उच्च न्यायालयात गेलात, तर परिस्थिती बदलली आहे हे दाखवावं लागत नाही. दोन्ही न्यायालयांना समान अधिकार आहेत. त्यामुळे तीच कागदपत्रं आणि तेच मुद्दे घेऊन वरच्या न्यायालयात जाता येतं आणि तिथे नव्याने विचार होतो. बदल दाखवावा लागतो तो त्याच न्यायालयात परत जाताना, किंवा वरच्या न्यायालयाने नाकारल्यानंतर खाली येताना. विशेष कायद्यांत रस्ता वेगळा आहे. राष्ट्रीय तपास संस्था कायद्याच्या कलम २१ नुसार आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १४ अ नुसार विशेष न्यायालयाच्या नकाराविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करावं लागतं, साधा जामीन अर्ज चालत नाही. हे अपील मुदतीत दाखल करावं लागतं. चुकीच्या नावाने दाखल झालेला अर्ज आधी कार्यालयीन हरकतींत अडकतो आणि नंतर मुदतीत.

दार उघडलं १९७८ मध्ये

दुसऱ्या अर्जाला स्पष्ट मान्यता मिळाली ती बाबू सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश या १९७८ च्या प्रकरणात. सत्र न्यायालयाने सोडलेल्या आरोपींना उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं होतं आणि त्यांचं अपील सर्वोच्च न्यायालयात पडून होतं. त्यांचा जामीन अर्ज त्याच न्यायालयाने एकदा फेटाळला होता. दुसरा अर्ज आल्यावर सरकारने आक्षेप घेतला की आता तो ऐकताच येणार नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो आक्षेप नाकारला. एकदा नकार मिळाला म्हणून नंतर अधिक माहिती, पुढच्या घडामोडी आणि वेगळे विचार घेऊन आलेला अर्ज अडवता येत नाही, असं त्यांनी म्हटलं आणि जामीन दिला. दिवाणी दाव्यात एकदा ठरलेला वाद पुन्हा उकरता येत नाही. स्वातंत्र्याच्या प्रश्नाला ते तत्त्व जसंच्या तसं लागत नाही, हा त्यामागचा विचार.

या निकालातले शब्द जपून वाचायला हवेत. ‘अधिक माहिती’ आणि ‘पुढच्या घडामोडी’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. घटना आधीचीच असेल, पण तिचा कागद पहिल्या सुनावणीच्या वेळी आरोपीच्या हाती येणं शक्यच नव्हतं, तर तीही नवी बाब ठरू शकते. आरोपीकडे आधीपासून होता पण वकिलांनी दाखवला नाही, असा कागद नवा म्हणून मांडणं मात्र फार अवघड जातं.

आणि मुंबईतून ते आवळलं गेलं

दार उघडल्यावर दहा वर्षांतच त्याचा दुरुपयोग वरपर्यंत पोहोचला. एका न्यायमूर्तींनी नाकारायचं आणि दुसऱ्यांनी द्यायचं, असे प्रकार दिसू लागले. १९८७ मध्ये शहजाद हसन खान प्रकरणात, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका आदेशावर बोलताना, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधीचे अर्ज ज्या न्यायमूर्तींनी नाकारले त्यांच्यासमोरच पुढचा अर्ज ठेवण्याची परंपरा पाळली गेली पाहिजे. मनाजोगतं न्यायासन गाठण्याचा खेळ त्याने थांबतो आणि प्रकरण माहीत असलेल्या न्यायमूर्तींचा वेळही वाचतो.

त्यानंतर आलं महाराष्ट्र राज्य विरुद्ध कॅप्टन बुद्धिकोटा सुब्बा राव. नौदलाच्या या निवृत्त अधिकाऱ्याला मे १९८८ मध्ये अमेरिकेला निघालेले असताना मुंबई विमानतळावर अटक झाली. गुन्हे शासकीय गुपिते कायदा आणि अणुऊर्जा कायद्याखाली होते. मुंबई उच्च न्यायालयात त्यांचे अर्ज नाकारले गेले. त्यांतला शेवटचा नकार न्यायमूर्ती पुराणिक यांचा, आणि त्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी दुसऱ्या न्यायमूर्तींनी जामीन दिला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. या दोन दिवसांत काय बदललं, हा साधा प्रश्न होता आणि त्याला उत्तर नव्हतं. बदल भरीव हवा, आधीच्या निर्णयावर थेट परिणाम करणारा हवा, वरवरचा रंग नको, हे सूत्र इथून आलं. बदल नसताना दिलेला दुसरा आदेश म्हणजे पहिला आदेश उलटवणंच आहे, आणि समान दर्जाच्या न्यायमूर्तींना तो अधिकार नाही.

माझ्या मते या निकालातले सर्वात महत्त्वाचे शब्द ‘थेट परिणाम’ हे आहेत, आणि अर्ज लिहिताना नेमके तेच विसरले जातात. आयुष्यात काय बदललं याला कोर्टात फारसं वजन नाही. पहिला आदेश ज्या कारणावर उभा आहे, त्या कारणाखालचा आधार निघून गेला का, एवढंच पाहिलं जातं. म्हणून नवा अर्ज लिहायला बसण्याआधी फेटाळलेल्या आदेशाची प्रमाणित प्रत समोर ठेवायची आणि न्यायालयाने नकाराची किती आणि कोणती कारणं दिली ते वेगळं काढून लिहायचं. पुढचं सगळं काम त्या कागदावर ठरतं.

हेच सूत्र २००१ मध्ये मध्य प्रदेश विरुद्ध काजड या अमली पदार्थांच्या प्रकरणात दुसऱ्या बाजूने आलं. बदल न दाखवता केलेला अर्ज म्हणजे आदेशाचं पुनर्विलोकन मागणं, आणि फौजदारी न्यायालयाला स्वतःच्या आदेशाचं पुनर्विलोकन करता येत नाही. जुन्या संहितेचं कलम ३६२, आताचं ४०३, हा त्याचा पाया.

२००४ आणि २००५ मध्ये पप्पू यादव प्रकरणाने त्यात आणखी एक कडी जोडली. जून १९९८ मध्ये बिहारमधल्या पूर्णिया इथे आमदार अजित सरकार यांचा खून झाला होता. त्यातले आरोपी पप्पू यादव यांना पाटणा उच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा आलेल्या अर्जांवर जामीन दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मार्च २००४ च्या निकालाने न्यायालयावर दोन कर्तव्यं टाकली. आधीचे अर्ज कोणत्या कारणांनी नाकारले ते पाहायचं, आणि आता वेगळं मत का होतंय याची नवी कारणं आदेशात लिहायची. जानेवारी २००५ च्या निकालाने बदलाची व्याप्ती सांगितली: वस्तुस्थितीत किंवा कायद्यात असा बदल, ज्यामुळे आधीचं मत बदलणं भाग पडतं किंवा आधीचा निष्कर्ष कालबाह्य होतो. वरच्या न्यायालयाने नोंदवलेला निष्कर्ष खालच्या न्यायालयाला बंधनकारक असतो हेही त्यात आलं. त्यामुळे उच्च न्यायालयाने गुणदोषांवर नाकारलेला जामीन काही महिन्यांनी सत्र न्यायालयात मागायचा असेल, तर उच्च न्यायालयानंतरची ठोस घडामोड दाखवावीच लागते. ती नसेल तर सत्र न्यायाधीश हात लावत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं.

पुढे २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने पप्पू यादव यांना या खुनाच्या आरोपातून निर्दोष सोडलं. जामिनाच्या टप्प्यावरचा नकार आणि अंतिम निकाल यांचा संबंध किती सैल असतो हे त्यातून दिसतं. कच्च्या कैदेत गेलेली वर्षं मात्र परत येत नाहीत, म्हणून दुसरा अर्ज नीट लिहिणं ही निव्वळ तांत्रिक बाब राहत नाही.

दोषारोपपत्र: कधी बदल, कधी नाही

सर्वात जास्त वापरलं जाणारं वाक्य म्हणजे ‘तपास पूर्ण होऊन दोषारोपपत्र दाखल झाले आहे’. २०१७ च्या विरुपाक्षप्पा गौडा विरुद्ध कर्नाटक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दोषारोपपत्रामुळे आरोप हलके होत नाहीत. उलट तपास यंत्रणेला पुरावा सापडला असा त्याचा अर्थ होतो. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, मालेगावच्या २००८ च्या बॉम्बस्फोट प्रकरणात, त्याच न्यायालयाने लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांना जामीन दिला आणि तिथे बदलाच्या मुळाशी दोषारोपपत्रच होतं. दोन्ही निकाल एकमेकांविरुद्ध नाहीत. ते शेजारी ठेवले की निकष उलगडतो.

मालेगाव प्रकरणात दहशतवादविरोधी पथकाने जानेवारी २००९ मध्ये दोषारोपपत्र दिलं आणि त्यात मोक्का लावला होता. त्या आधारावर पुरोहित यांचा जामीन नाकारला गेला. तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेल्यावर तिने १३ मे २०१६ रोजी पूरक दोषारोपपत्र दिलं. त्यात मोक्का लागू होत नाही अशी भूमिका घेतली होती, आणि साक्षीदारांचे पुन्हा नोंदवलेले जबाब आधीच्या जबाबांशी जुळत नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये सहआरोपी प्रज्ञासिंह ठाकूर यांना जामीन दिला, पुरोहित यांना नाकारला. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो दिला. दोन दोषारोपपत्रांतला ठळक फरक आणि आठ वर्षं आठ महिन्यांची कोठडी या दोन्हींची दखल त्यात होती. आधीचा नकार ज्या पुराव्यावर उभा होता, त्याच पुराव्याबद्दल सरकारपक्षाच्याच दुसऱ्या यंत्रणेचं मत बदललं होतं. परिणाम थेट होता. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने या खटल्यातल्या सर्व आरोपींना निर्दोष सोडलं.

म्हणजे प्रश्न दोषारोपपत्र आलं की नाही हा नसतो. त्यात काय निघालं आणि पहिल्या आदेशातल्या कोणत्या कारणाला त्याने उत्तर मिळालं, हा असतो.

एक कल्पित पण रोजच्या कोर्टात दिसणारं प्रकरण घेऊ. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात बांधावरून मारामारी झाली. एकाच्या डोक्यात कोयता लागला आणि खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, तिघांवर दाखल झाला. फिर्यादीत म्हटलंय की आरोपी क्रमांक ३ ने जखमीचे हात धरले आणि क्रमांक १ ने वार केला. क्रमांक ३ चा जामीन अटकेनंतर तीन आठवड्यांनी सत्र न्यायालय फेटाळतं. कारणं तीन: हत्यार जप्त व्हायचं आहे, जखमीचा जबाब अजून नोंदलेला नाही, आणि साक्षीदार त्याच गावचे असल्याने दबावाची भीती आहे.

दोन महिन्यांनी दोषारोपपत्र येतं. त्यातल्या निवेदन पंचनाम्यानुसार कोयता क्रमांक १ च्या गोठ्यातून जप्त झाला आहे. दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या जबाबात जखमी म्हणतो की क्रमांक ३ मागे उभा राहून शिवीगाळ करत होता. त्यात हात धरल्याचा उल्लेख नाही. वैद्यकीय प्रमाणपत्रात एकच वार आहे आणि हात धरल्याची खूण नाही. आता दुसऱ्या अर्जाचा गाभा तयार होतो. पहिल्या कारणाला जप्तीने उत्तर मिळालं, दुसऱ्याला जबाबाने. तिसरं कारण मात्र जसंच्या तसं आहे, कारण साक्षीदार अजून गावातच आहेत. इथे बहुतेक अर्ज घसरतात, कारण त्या कारणाबद्दल ते काहीच बोलत नाहीत आणि सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी उत्तर, नेमका त्यावरच येतो. उत्तर अर्जातच द्यायला हवं: जखमी आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांची साक्ष होईपर्यंत आरोपी तालुक्याबाहेर अमुक नातेवाइकाकडे राहील, त्याचा पत्ता हा, आणि ठरलेल्या दिवशी तिथल्या पोलीस ठाण्यात हजेरी देईल. कोर्टाला अट घालायला काहीतरी हाती द्यावं लागतं.

याच अर्जात आरोपी घरातला एकटा कमावता आहे, आई आजारी आहे, तो पळून जाणार नाही, वकील बदलले आहेत, असे चार परिच्छेद येतात. ते खरे असतील, पण पहिल्या वेळीही खरेच होते. १९८९ च्या भाषेत हाच वरवरचा रंग. तो इतका पसरतो की जबाबातली खरी विसंगती सातव्या पानावर दडून राहते.

सहआरोपीचा जामीन आणि उलटलेला साक्षीदार

सहआरोपी सुटला हा नवा मुद्दा आहेच, पण त्याला मर्यादा आहे. एप्रिल २०२१ मध्ये गुजरातमधल्या पाच खुनांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या नावाखाली दिलेले जामीन रद्द करताना सांगितलं की तुलना भूमिकेची करायची असते. दोघांच्या हातात काठी होती एवढं पुरत नाही, काठीने कोणी काय केलं ते पाहायचं. त्यामुळे सहआरोपीच्या आदेशाची प्रत जोडून थांबू नये. फिर्याद, जबाब आणि जप्ती या तीन ठिकाणी दोघांबद्दल काय लिहिलंय ते समोरासमोर मांडावं. तुमच्या आरोपीविरुद्ध एखादी जप्ती जास्त असेल तर ती लपवू नये, तिचं स्पष्टीकरण द्यावं.

साक्षीदाराच्या बाबतीत आणखी जपून जावं लागतं. मुख्य प्रत्यक्षदर्शीने साक्षीत आरोपीला ओळखलंच नाही, तर आधीच्या नकाराचा पाया हलतो. पण उलटतपासणीत दोन-चार विसंगती निघाल्या म्हणून धावत जाऊ नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गंभीर गुन्ह्यात साक्षी सुरू झाल्यावर जामिनाचा अर्ज सहसा ऐकू नये, आणि साक्षीतल्या इकडच्या-तिकडच्या विसंगती हे जामिनाचं कारण नाही. खटला चालवणारे न्यायाधीश साक्षीचं मूल्यमापन शेवटी करतात. मध्येच तसं करायला लावलं तर ते नाराज तर होतातच, शिवाय आरोपीच्या विरुद्ध जाणारी निरीक्षणंही नोंदवू शकतात.

कायदाच बदलला तर

हे क्वचित घडतं, पण घडलं की फार स्पष्ट असतं. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४५ मधल्या दोन कडक अटी सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०१७ रोजी निकेश शहा प्रकरणात घटनाबाह्य ठरवल्या. त्या अटींमुळे अडकलेल्यांना नव्याने जाण्याचं कारण मिळालं. मार्च २०१६ पासून अटकेत असलेल्या छगन भुजबळ यांच्या वतीने हाच मुद्दा मांडला गेला. विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नकार दिला. उच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये जामीन दिला तेव्हा त्यांचं वय, प्रकृती आणि दोन वर्षांहून जास्त कोठडीही विचारात होती. दरम्यान २०१८ मध्ये संसदेने कलमात दुरुस्ती केली आणि जुलै २०२२ च्या विजय मदनलाल निकालाने त्या अटी पुन्हा उभ्या राहिल्या. कायद्यातला बदल हे कारण असेल तर अर्ज दाखल करण्याच्या दिवशी तो बदल टिकून आहे ना, हे तपासणं पहिलं काम.

काळ हाही बदल आहे, पण तो मोजून दाखवावा लागतो

गेल्या काही वर्षांत सर्वात जास्त हललेला भाग हा आहे. २००४ मध्ये तीन वर्षांची कोठडी स्वतःहून पुरेशी नाही असा सूर होता. १ फेब्रुवारी २०२१ च्या के. ए. नजीब निकालाने तो बदलला. केरळमधल्या प्राध्यापकाचा हात तोडल्याच्या प्रकरणात नजीब यांचे अर्ज अनेकदा फेटाळले गेले होते. पाच वर्षांहून जास्त कोठडी झाली होती आणि २७६ साक्षीदार बाकी होते. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याची जामिनावरची बंधनंसुद्धा अशा वेळी विरघळतात, असं न्यायालयाने म्हटलं. जुलै २०२४ मध्ये जावेद शेख या मुंबईतल्या बनावट नोटांच्या प्रकरणात चार वर्षांहून अधिक काळ लोटला तरी आरोपनिश्चितीही झाली नव्हती आणि सरकारला किमान ८० साक्षीदार तपासायचे होते. मुंबई उच्च न्यायालयाने नाकारलेला जामीन सर्वोच्च न्यायालयाने दिला.

आधीच्या आदेशातलं आश्वासन मोडणं हा बदल कसा ठरतो, याचं सर्वात नेमकं उदाहरण मनीष सिसोदिया यांचं आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामीन नाकारला, पण सहा ते आठ महिन्यांत खटला संपवू हे सरकारपक्षाचं म्हणणं नोंदवून ठेवलं. पुढच्या तीन महिन्यांत खटला गोगलगायीच्या गतीने चालला तर पुन्हा अर्ज करण्याची मुभाही दिली. खालच्या न्यायालयांनी पुन्हा नाकारलं. ९ ऑगस्ट २०२४ रोजी हिशेब असा होता: सुमारे १७ महिने कोठडी, ४९३ साक्षीदार, आणि खटला सुरूही नाही. पुन्हा तळापासून सुरुवात करायला लावणं म्हणजे सापशिडी खेळायला लावणं, असं म्हणत न्यायालयाने जामीन दिला.

आपल्या प्रकरणात हे दाखवायचं साधन म्हणजे रोजनामा, प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद. पहिल्या नकाराच्या तारखेपासून आजपर्यंतच्या रोजनाम्याच्या प्रमाणित प्रती काढाव्यात आणि एक तक्ता करावा: तारीख, काय ठरलं होतं, काय झालं, तहकुबी कोणामुळे. आरोपीला तुरुंगातून आणलंच नाही, पोलीस बंदोबस्त नव्हता, साक्षीदाराला समन्स बजावलं नाही, न्यायाधीशांची जागा रिकामी होती, सरकारी वकिलांनी मुदत मागितली, हे सगळं वेगळं दिसलं पाहिजे. आरोपीच्या वकिलांनी मागितलेल्या तारखाही प्रामाणिकपणे त्यात याव्यात. वीस तहकुब्यांतल्या अकरा बचावपक्षाच्या निघाल्या तर विलंबाचा मुद्दा तिथेच संपतो, आणि तो तक्ता तुम्ही दिला नाही तर सरकारी वकील देतात. सोबत तुरुंग अधीक्षकांकडून एकूण कोठडीचा दाखला आणि साक्षीदारांच्या यादीतले किती तपासले, किती उरले याची नोंद जोडावी. एका वर्षात तीन साक्षीदार झाले आणि सदतीस बाकी आहेत, हा आकडा कोणत्याही उताऱ्यापेक्षा जास्त बोलतो.

नागरिक सुरक्षा संहितेनेच ठरवलेले टप्पे वेगळे ठेवावेत. साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर मिळणारा जामीन (कलम १८७), कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, किंवा पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला एक तृतीयांश काळ झाल्यावर मिळणारी सुटका (कलम ४७९), आणि दंडाधिकाऱ्यांकडे चालणाऱ्या अजामीनपात्र खटल्यात पुराव्याच्या पहिल्या तारखेपासून साठ दिवस उलटल्यावरची तरतूद (कलम ४८०, पोटकलम ६) यांना ‘परिस्थितीतला बदल’ म्हणून सिद्ध करावं लागत नाही. ते स्वतंत्र आधार आहेत. प्रत्येकाला आपल्या मर्यादा आहेत. कलम ४७९ जन्मठेप किंवा मृत्युदंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याला लागत नाही, त्यामुळे वरच्या सांगलीच्या प्रकरणात ते उपयोगाचं नाही. दोषारोपपत्राच्या मुदतीचा अर्ज तर दोषारोपपत्र दाखल होण्याआधी हजर व्हावा लागतो. एका दिवसाने हुकला तर तो हक्क गेला.

लपवलेला अर्ज

१९ जानेवारी २०२४ च्या कुशा दुरुका विरुद्ध ओडिशा निकालापासून प्रत्येक अर्जात आधीच्या अर्जांची माहिती देणं अपेक्षित आहे. ओडिशातल्या गांजाच्या त्या प्रकरणात आरोपीची याचिका सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच उच्च न्यायालयाकडून दुसऱ्या अर्जावर जामीन मिळवला गेला होता. न्यायालयाने दहा हजार रुपयांचा खर्च बसवला आणि सांगितलं की आधीच्या सगळ्या अर्जांचे तपशील व आदेशांच्या प्रती जोडाव्यात, कुठेही प्रलंबित अर्ज असेल तर सांगावं, नसेल तर नाही असं स्पष्ट लिहावं. तपास अधिकाऱ्यांनीही ही माहिती सरकारी वकिलांना पुरवायची आहे.

मागे घेतलेला अर्जही यात येतो. ‘मागे घेतला, फेटाळला नाही’ या समजुतीने तो वगळला जातो आणि ई-कोर्ट्सवर शोध घेतला की लगेच दिसतो. सहआरोपीच्या अर्जांची यादीही दिलेली बरी. त्याच न्यायमूर्तींपुढे जाण्याचा नियम अजून आहे, पण २०२५ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या न्यायमूर्तींकडे आता जामिनाचं काम नसेल, तर चालू कामवाटपाप्रमाणे अर्ज जाईल. त्यामुळे न्यायमूर्ती नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर खंडपीठावर गेले म्हणून अर्ज अडून राहत नाही.

मुभेबद्दल एक बारकावा. उच्च न्यायालयात युक्तिवाद उलटा जातोय असं दिसलं की वकील अर्ज मागे घेतात आणि ‘सहा महिन्यांत खटला न संपल्यास नव्याने अर्ज करण्याची मुभा’ घेतात. गुणदोषांवर प्रतिकूल आदेश येत नाही, हा त्याचा फायदा. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, अपवादात्मक परिस्थिती वगळता, वरच्या न्यायालयांनी खालच्या न्यायालयांना खटला संपवण्याची मुदत घालू नये असं सांगितलं. त्यानंतर अशा मुदती घालायला न्यायालयं कचरतात, आणि नुसतं ‘मुभा’ एवढंच लिहिलेला आदेश मिळतो. अशा मुभेने बदल आपोआप सिद्ध होत नाही, नव्या अर्जात तो दाखवावाच लागतो. म्हणून अर्ज मागे घेताना निदान त्या दिवसापर्यंत किती साक्षीदार तपासले गेले आणि सरकारी वकिलांनी खटल्याबद्दल काय सांगितलं, एवढं आदेशात नोंदवून घ्यावं. सहा महिन्यांनी खटला कुठवर आला ते त्या नोंदीवरून मोजता येतं.